रात्रीची गॅबापेंटिन, संध्याकाळचे दोन पेग आणि बाथरूमपर्यंतची वाट

मधुमेहामुळे तळपायांची आग होणारे, सायटिकाची कळ कमरेपासून पोटरीपर्यंत उतरणारे, मानेच्या मणक्यांच्या झिजेमुळे हाताला मुंग्या येणारे आणि नागिणीचे फोड सुकून गेल्यावरही त्या जागेची ठणक सोसणारे असे अनेक रुग्ण गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन ही औषधे घेतात. बोलताना त्यांना नुसते ‘नसांची गोळी’ म्हटले जाते. याच रुग्णांपैकी कित्येकांची कंबर किंवा मान मधूनमधून आखडते, आणि तेव्हा टिझानिडिन, थायोकोल्चिकोसाइड, क्लोरझोक्साझोन किंवा बॅक्लोफेन यांपैकी एखादे स्नायू सैल करणारे औषध त्यात वाढते. ही औषधे नीट वापरली तर उपयोगी आहेत, आणि हा लेख कोणाला घाबरवून ती बंद करायला लावण्यासाठी लिहिलेला नाही. मात्र त्यांच्या जोडीला दारू आली की जो धोका निर्माण होतो, तो बहुतेकांना वाटते त्या वेळी आणि वाटते त्या जागी नसतो. तो पिण्याच्या टेबलाशी क्वचितच दिसतो. घरातील सगळे झोपल्यावर, अंथरुणातून उठून बाथरूमकडे जाताना तो गाठतो.

हे नेमके कसे घडते ते समजण्यासाठी एक कल्पित पण अगदी नेहमीसारखे उदाहरण घेऊ. एक गृहस्थ आहेत, वय 64 वर्षे, वजन 60 किलो. मधुमेह पंधरा वर्षांपासूनचा असून त्यासाठी ते मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेतात, आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन. पायांची आग थांबत नाही म्हणून डॉक्टरांनी आठवड्यापूर्वी रात्रीची गॅबापेंटिन 300 मिलिग्रॅमवरून 600 मिलिग्रॅम केली आहे. दोन दिवसांपूर्वी गॅस सिलिंडर उचलताना कंबर धरली, तेव्हा जवळच्या दुसऱ्या डॉक्टरांकडून वेदनाशामक आणि टिझानिडिन 2 मिलिग्रॅम एकत्र असलेली गोळी मिळाली. शनिवारी रात्री 8 ते 9:30 या वेळात मित्रांबरोबर व्हिस्कीचे दोन मोठे पेग झाले. जेवण झाले, आणि 9:45 ला दोन्ही गोळ्या घेऊन ते झोपले. या माणसाने कोणतीही बेफाम गोष्ट केलेली नाही. त्याचा समज इतकाच आहे की पिणे संपले, जेवण झाले, आता अंथरुणातच पडायचे आहे, तेव्हा झोप आणणारी गोळी घेतली म्हणून काय बिघडणार?

आकडे मांडून पाहू

भारतात मिळणाऱ्या व्हिस्की, रम किंवा ब्रँडीत साधारणपणे 42.8 टक्के अल्कोहोल असते. 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगात त्यामुळे सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येते आणि दोन पेगांत 40 ग्रॅम. ‘मी कडक पीत नाही, फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलिलिटरच्या एका बाटलीतही जवळजवळ तेवढेच, म्हणजे 40 ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. सोडा किंवा पाणी जास्त घातल्याने चव सौम्य होते, परंतु ग्रॅम कमी होत नाहीत.

यकृत हे अल्कोहोल ठरावीक गतीनेच संपवते. आपल्या गृहस्थांच्या वजनाच्या माणसात ही गती तासाला साधारण 6 ते 8 ग्रॅम धरता येईल. लिंबूपाणी, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी ती वाढत नाही. म्हणजे 8 वाजता सुरू झालेले दोन पेग पूर्णपणे संपायला मध्यरात्रीनंतरचे 1 ते 3 वाजतात. साध्या हिशेबाने, रात्री 12:30 वाजता त्यांच्या रक्तात दर 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल शिल्लक असू शकते. मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्यासाठी ठरवलेली मर्यादा हीच आहे. एवढ्या पातळीला माणसाला स्वतःला आपण पूर्ण शुद्धीवर आहोत असेच वाटते, आणि फक्त अल्कोहोलच असते तर कदाचित बाथरूमपर्यंतचा प्रवास निभावलाही असता.

पण गोळ्यांचे घड्याळ वेगळे चालते. गॅबापेंटिन घेतल्यानंतर रक्तातील तिची पातळी 2 ते 4 तासांनी सर्वांत वर पोहोचते. 9:45 ला घेतलेल्या गोळीच्या बाबतीत ही वेळ साधारण 11:45 ते 1:45 अशी येते. टिझानिडिन अधिक लवकर, म्हणजे तास-दीड तासात कमाल पातळीला जाते, आणि त्यानंतर दर अडीच तासांनी तिचे प्रमाण निम्मे होत जाते, म्हणून 12:30 वाजता तिचाही मोठा भाग शरीरात काम करत असतो. अल्कोहोल उतरणीला लागलेले, गॅबापेंटिन ऐन भरात आणि टिझानिडिन अजून शिल्लक, अशा वेळी हे गृहस्थ लघवीसाठी जागे होतात.

जाग येण्यामागेही दारूचा हात असतो. मेंदूतून स्रवणारे एक संप्रेरक मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला सांगत असते, आणि अल्कोहोल ते दाबून टाकते, त्यामुळे लघवी नेहमीपेक्षा जास्त तयार होते. साखर चढलेली असेल किंवा प्रोस्टेट वाढलेले असेल तर त्यात भरच पडते. ज्या रात्री उठणे सर्वांत असुरक्षित, त्याच रात्री उठावे लागण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

तोल कशावर उभा असतो

उभे राहणे आणि चालणे आपल्याला इतके अंगवळणी पडलेले असते की त्यामागे किती काम चालते हे जाणवत नाही. मेंदूला तीन ठिकाणांहून सतत खबर मिळत असते: डोळे समोरचे दाखवतात, आंतरकर्ण डोके कुठे कलले ते सांगतो, आणि तळपाय, घोटे व गुडघे यांतील नसा जमिनीचा स्पर्श आणि सांध्यांची स्थिती कळवतात. डोक्याच्या मागच्या भागातील लहान मेंदू या सगळ्याचा मेळ घालून क्षणाक्षणाला स्नायूंना दुरुस्तीच्या सूचना देतो. यांपैकी एक वाट कमजोर झाली तरी उरलेल्या दोन सावरून घेतात, आणि म्हणूनच मधुमेहामुळे तळपाय बधिर झालेला माणूस दिवसा उजेडात व्यवस्थित चालू शकतो.

रात्री 12:30 वाजता काय होते ते आता पाहा. पायांची खबर मधुमेहाने आधीच पुसट केली आहे. दिवा न लावल्यामुळे डोळ्यांची मदत गेली आहे. उरला आंतरकर्ण आणि सगळ्याचा मेळ घालणारा लहान मेंदू, आणि अल्कोहोल नेमके त्यांनाच ढिले करते. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन यांचे सर्वांत जास्त आढळणारे दुष्परिणाम म्हणजे गुंगी आणि चक्कर, शिवाय चालताना पाय वेडेवाकडे पडणे. दारू न पिणाऱ्या रुग्णालाही पहिल्या काही दिवसांत हे जाणवू शकते. मागे कोणतीही राखीव व्यवस्था उरत नाही, अशी ही स्थिती आहे.

अल्कोहोल आणि ही औषधे मेंदूत एकाच जागी काम करत नाहीत. अल्कोहोल मेंदूला शांत करणारे संदेश बळकट करते आणि जागे ठेवणारे संदेश कमकुवत करते. गॅबापेंटिन व प्रीगाबालिन या गोळ्या नसांच्या टोकांवरील कॅल्शियमच्या वाटांना चिकटून वेदनेचे आणि उत्तेजनाचे संदेश बाहेर पडण्याचे प्रमाण घटवतात. बॅक्लोफेन पाठीच्या कण्यातील आणि मेंदूतील शांत करणारे संदेश झेलणाऱ्या आणखी एका प्रकारच्या जागांवर काम करते. वाटा वेगवेगळ्या असल्या तरी परिणाम एकच, तो म्हणजे मंदावलेला मेंदू, आणि हे परिणाम एकमेकांत मिसळतात. प्रीगाबालिनच्या अधिकृत माहितीपत्रकातच नोंद आहे की अल्कोहोलबरोबर दिल्यास विचार करण्याची क्षमता आणि शरीराच्या हालचाली यांवरचा परिणाम वाढतो. अल्कोहोलमुळे रक्तातील गॅबापेंटिन वाढते म्हणून हे घडते असे मात्र नाही, कारण गोळी रक्तात तेवढीच असते. जो मेंदू तिला तोंड देतो, तो आधीच अर्धा झोपलेला असतो.

‘मला चढत नाही’ या वाक्याचा येथे उपयोग नाही तो याचमुळे. वर्षानुवर्षे पिणाऱ्याचा मेंदू दारूला काही प्रमाणात सरावलेला असतो. गेल्या आठवड्यात सुरू झालेल्या किंवा दुप्पट केलेल्या गोळीला तो सरावलेला नसतो, आणि दोन्हींच्या एकत्र ओझ्याला तर नाहीच.

उभे राहण्याचा तो एक मिनिट

टिझानिडिनबद्दल वेगळे बोलायला हवे, कारण ती फक्त गुंगी आणत नाही, तर रक्तदाबही उतरवते. आडव्या स्थितीतून उभे राहिले की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. निरोगी शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून आणि हृदयाचे ठोके वाढवून ही तूट भरून काढते. जुन्या मधुमेहात हे काम करणाऱ्या नसाही बऱ्याचदा बिघडलेल्या असतात. अल्कोहोल रक्तवाहिन्या सैल करते, टिझानिडिन त्या आवळण्याचा मेंदूचा आदेशच मंदावते, आणि आपल्या गृहस्थांच्या बाबतीत रक्तदाबाची गोळीही त्याच दिशेने ओढते. याशिवाय अल्कोहोलबरोबर घेतल्यास टिझानिडिनची रक्तातील एकूण मात्रा सुमारे 20 टक्क्यांनी वाढते, हेही मोजलेले आहे. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, कान बंद झाल्यासारखे वाटणे, मानेच्या मागे आणि खांद्यांत जड दुखणे ही मेंदूला रक्त कमी पडत असल्याची चिन्हे आहेत. त्यात पुरुष उभ्याने लघवी करत असतील, तर भरलेले मूत्राशय रिकामे होताना रक्तदाब आणखी घसरून जागच्या जागी भोवळ येऊ शकते.

घरी रक्तदाब मोजायचे यंत्र असेल तर याचा अंदाज आधीच घेता येतो. अर्थात न प्यालेल्या दिवशी आणि जवळ कोणी उभे असताना. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक, अथवा खालचा 10 किंवा त्याहून अधिक घसरत असेल, तर तो कागद डॉक्टरांना दाखवावा. दारू नसतानाच एवढी घसरण असेल तर दोन पेगांनंतर काय होईल, याची कल्पना करायला वेगळी तपासणी लागत नाही.

टिझानिडिनच्या बाबतीत एक आडवाट, पण सांगितलीच पाहिजे अशी. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी किंवा पोट बिघडल्यावर सर्रास दिली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविक गोळी टिझानिडिनचे विघटन इतके अडवते की तिची मात्रा साधारण दहापट होऊ शकते. या दोन गोळ्या कधीच एकत्र घ्यायच्या नसतात, दारू असो वा नसो.

स्ट्रिपवर न दिसणारी गोळी

आपल्याकडे स्नायू सैल करणारे औषध क्वचितच एकटे मिळते. बहुतेक वेळा ते अॅसेक्लोफेनॅक किंवा एटोरिकॉक्सिब यांसारख्या वेदनाशामकाबरोबर, आणि अनेकदा पॅरासिटामॉलसह, एकाच गोळीत बांधलेले असते. घेणाऱ्याच्या लेखी ती ‘कंबरदुखीची गोळी’ असते आणि तिच्यात गुंगी आणणारा घटक आहे याची त्याला कल्पना नसते. नसांच्या गोळीचेही तसेच आहे. प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन बहुधा मिथाइलकोबालामिन या जीवनसत्त्वाबरोबर येते, म्हणून घरात तिची ओळख ‘ताकदीची’ किंवा ‘बी-बाराची गोळी’ अशी होऊन बसते. जीवनसत्त्वाबरोबर दारू घेतली तर काय होणार, असा विचार त्यातून सहजच येतो. अशाच काही गोळ्यांत नॉरट्रिप्टिलिनही 10 मिलिग्रॅम असते आणि त्यानेही झोप येते.

यावर उपाय सोपा आहे. स्ट्रिपच्या मागच्या बाजूला घटकांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात. ती मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचावीत किंवा मेडिकलमधील फार्मासिस्टना विचारावे की या सगळ्या गोळ्यांपैकी झोप आणणाऱ्या कोणत्या. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या असतील तर हे विचारणे अधिकच आवश्यक, कारण आपल्या उदाहरणात गॅबापेंटिन देणाऱ्यांना टिझानिडिनची खबर नव्हती आणि टिझानिडिन देणाऱ्यांना गॅबापेंटिनची. अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी झोपेची गोळी, ट्रॅमाडॉल असलेले वेदनाशामक किंवा सर्दीची सेट्रिझिन हीसुद्धा या यादीत धरायची. त्यांतील झोपेची गोळी आणि ट्रॅमाडॉल यांना मी विशेष गंभीर मानतो, कारण त्यांच्यासह दारू आणि गॅबापेंटिन आले की प्रश्न पडण्यापुरता राहत नाही, श्वास मंदावण्यापर्यंत जातो. अमेरिकेच्या औषध नियामकांनी डिसेंबर 2019 मध्ये गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन यांच्याबाबत असा इशारा दिला होता. वयस्क व्यक्ती, फुप्फुसांचे जुने विकार असलेले आणि मेंदूला मंद करणारे इतर पदार्थ घेणारे, यांना श्वासाचा गंभीर त्रास होऊ शकतो, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. घोरता घोरता मध्येच श्वास थांबणाऱ्यांनीही स्वतःला याच गटात समजावे.

मूत्रपिंडांचा हिशेब

गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन यकृतात जवळजवळ मोडतच नाहीत, त्या जशाच्या तशा लघवीवाटे बाहेर पडतात. मूत्रपिंडे चांगली असतील तर गॅबापेंटिनचे शरीरातील प्रमाण 5 ते 7 तासांत निम्मे होते. ती फार बिघडलेली असतील तर याच कामाला 52 तासांपर्यंत लागू शकतात. म्हणजे काल रात्रीची गोळी उतरलेली नसताना आजची तिच्यावर चढते, आणि चार दिवसांत साठा वाढत जातो.

येथे एक फसवणूक होते. आपल्या गृहस्थांचे क्रिएटिनिन 1.4 आहे असे समजू. अहवालावर हा आकडा किंचितच वाढलेला दिसतो आणि घरातले निश्चिंत होतात. पण वय 64 आणि वजन 60 किलो हे धरून डॉक्टर वापरतात त्या सूत्राने मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता काढली, तर ती मिनिटाला साधारण 45 मिलिलिटर येते. या क्षमतेला गॅबापेंटिनची मात्रा बेताने ठेवावी लागते आणि तिचा अंमल दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत रेंगाळतो. किडकिडीत आणि वयस्क रुग्णांत हे विशेषकरून घडते, कारण स्नायू कमी असले की क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. ‘दारू आठला, गोळी अकराला, मध्ये तीन तासांचे अंतर ठेवले’ या हिशेबाला त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही. उलट गोळी उशिरा घेतली तर तिची कमाल पातळी पहाटेच्या वेळेवर जाऊन पडते, आणि पहाटे उठणाऱ्या माणसाला ती तिथे भेटते.

मग करायचे काय

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या कंबर किंवा मान आखडल्यावर बहुधा पाच-सात दिवसांसाठीच दिलेल्या असतात. त्या दिवसांत दारू पूर्ण टाळणे हाच सरळ मार्ग आहे, आणि तो अवघडही नाही. नसांची गोळी महिनोन्‌महिने चालते, म्हणून तिथे प्रश्न अधिक कठीण होतो. अमुक इतकी दारू सुरक्षित, असा आकडा कोणी ठरवून दिलेला नाही, आणि तो देता येईल असे मला वाटतही नाही, कारण वय, मूत्रपिंडे, बाकीच्या गोळ्या आणि तळपायांची स्थिती यांवर ते अवलंबून आहे. एक पेग घेतलेला प्रत्येक जण पडतो असे म्हणणेही खरे होणार नाही. पण गोळी सुरू झाल्यापासूनचे पहिले काही आठवडे आणि मात्रा वाढवल्यानंतरचे काही दिवस यांत एकही पेग नको. साठी ओलांडलेल्यांनी, पूर्वी एकदा पडलेल्यांनी आणि मूत्रपिंडे अशक्त असलेल्यांनी ही मनाई नेहमीसाठीच धरावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लग्नसमारंभात किंवा गटारीला पिणे झालेच, तर त्या रात्री गोळीचे काय करायचे हे त्या रात्री ठरवू नये. गोळी लिहून घेतानाच डॉक्टरांना विचारून ठेवावे. अल्प मुदतीची स्नायूंची गोळी त्या रात्री न घेतल्याने सहसा बिघडत नाही. वेदनेसाठी दिलेल्या गॅबापेंटिनची एखादी मात्रा सोडावी का, हे डॉक्टर तुमची एकूण मात्रा पाहून सांगतील. पण फिट्ससाठी गॅबापेंटिन चालू असेल, किंवा पक्षाघातानंतरच्या अवयव आखडण्यासाठी बॅक्लोफेन रोज चालू असेल, तर ती आपल्या मनाने सोडायची नाही. बॅक्लोफेन अचानक थांबवल्यास भास होणे, झटके येणे, ताप आणि अंग ताठरणे असे प्रकार होतात. सुटलेली मात्रा दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढायची नाही, हे सर्वच गोळ्यांना लागू आहे.

रोज पिणाऱ्यांचे प्रकरण वेगळे आहे. दीर्घकाळची दारू स्वतःच पायांच्या नसा जाळते, त्यामुळे ज्या आगीसाठी गोळी चालू आहे त्या आगीला रोजचा पेग हातभार लावत असतो आणि गोळीची मात्रा वाढत राहते. तरीही रोज भरपूर पिणाऱ्याने हा लेख वाचून उद्यापासून एकदम थांबू नये. अचानक थांबल्यास काही तासांत हातांना कंप आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांनी माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे काम आहे. व्यसन सोडवताना मनोविकारतज्ज्ञ कधी कधी याच गॅबापेंटिन किंवा बॅक्लोफेनचा उपयोग करतात, तो उपचार वेगळा आणि त्यांच्या नजरेखाली चाललेला असतो.

घरातल्यांना करता येण्यासारखे बरेच काही आहे. अंथरुणापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा चालू ठेवावा. बाथरूमच्या दाराशी असलेला उंबरा आणि त्यापलीकडची ओली फरशी ही पडण्याची नेहमीची जागा आहे, तेव्हा रात्री झोपण्यापूर्वी फरशी पुसून कोरडी करावी, आणि भिंतीला धरायला दांडा बसवावा. टाच नसलेली रबरी स्लीपर बधिर पायातून निसटते आणि माणसाला कळतही नाही, तिच्याऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल असावी. उठताना आधी अंथरुणाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटे बसावे, मग उभे राहून क्षणभर काहीतरी धरून थांबावे, आणि पुरुषांनी रात्रीची लघवी बसूनच करावी. पलंगाशेजारी लघवीचे भांडे ठेवणे यात कमीपणा काही नाही. मात्र हे सारे उपाय धोका कमी करतात, दारूला परवानगी देत नाहीत.

पडल्यानंतर

सर्वांत घातक चूक बहुधा येथे होते. रात्री एक वाजता आवाज होतो, गृहस्थ बाथरूमच्या दारात पडलेले सापडतात, तोंडाला दारूचा वास येतो, बोलणे जड असते, आणि घरातले त्यांना उचलून पुन्हा झोपवतात: चढली आहे, सकाळी उतरेल. पण जड जीभ आणि गुंगी ही दारूची असते, गोळीची असते, डोक्याच्या आत झालेल्या रक्तस्रावाची असते आणि उतरलेल्या साखरेचीही असते, आणि बाहेरून पाहून त्यांतला फरक ओळखता येत नाही.

मधुमेही माणसाची साखर म्हणून लगेच ग्लुकोमीटरवर तपासावी. अल्कोहोल यकृताला साखर सोडू देत नाही आणि ग्लिमेपिराइडसारखी गोळी ती खाली ओढत राहते, त्यामुळे मध्यरात्री साखर 70 च्या खाली गेलेली सापडू शकते. माणूस जागा असून नीट गिळत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. नीट जागा नसेल तर तोंडात काहीही घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाते. उठवताना मांडीच्या वरच्या भागात असह्य कळ येत असेल, एक पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले आहे असे समजून त्याला जागचे हलवू नये.

हाक मारून आणि खांदा हलवूनही नीट जागा न होणे, मिनिटाला दहापेक्षा कमी श्वास, घरघर किंवा मध्येच थांबणारा श्वास, निळसर ओठ, पुन्हापुन्हा उलटी, दोन डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार वेगळा दिसणे, यांपैकी एकही गोष्ट असली तर 108 ला फोन करायचा. रुग्णवाहिका येईपर्यंत, मानेला मार नसल्याचे वाटत असेल तर, त्याला कुशीवर वळवून ठेवावे म्हणजे उलटी घशात अडकत नाही, आणि कोणीतरी शेजारी बसून श्वास मोजत राहावे. गॅबापेंटिनवर उतारा म्हणून देता येईल असे इंजेक्शन नाही, उपचार म्हणजे श्वास आणि रक्तदाब सांभाळत औषध बाहेर पडेपर्यंत थांबणे, आणि ते घरी होत नाही.

डोक्याला मार लागला असेल आणि माणूस अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी घेत असेल, तर बरे वाटत असले तरी त्याच रात्री दवाखान्यात न्यावे. वयस्क आणि नियमित पिणाऱ्या माणसांत कवटीच्या आत रक्त हळूहळू साठत जाऊन दोन-तीन आठवड्यांनी लक्षणे दिसू शकतात. वाढती डोकेदुखी, दिवसाही झोपाळूपणा, एका हातापायात अशक्तपणा, विसराळूपणा किंवा स्वभावातील बदल दिसला तर ‘गोळीमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये, आणि तो जुना पडलेला प्रसंग डॉक्टरांना आठवणीने सांगावा.

दवाखान्यात जाताना सगळ्या स्ट्रिप एका पिशवीत घालून बरोबर न्याव्यात. कोणती गोळी किती वाजता घेतली आणि दारू किती, कोणती व केव्हा, हे स्पष्ट सांगावे. केस पोलिसांकडे जाईल किंवा नातेवाइकांसमोर लाज जाईल या भीतीने दारूचा उल्लेख टाळला जातो, आणि मग गुंगीचे कारण शोधण्यात वेळ जातो किंवा रुग्णाला आणखी एक झोप आणणारे इंजेक्शन दिले जाण्याची शक्यता निर्माण होते. दोन पेग होते की चार, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना त्या क्षणी रक्तदाबाच्या आकड्याइतकेच हवे असते.